विमानाच्या तिकिटाचा हिशेब

जळगावच्या विमानतळाचे उद्घाटन २०१२ साली राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले, परंतु खानदेशातील सामान्य गृहस्थाला तिकीट काढून तेथून नियमाने प्रवास करता यावा असा योग केंद्र सरकारच्या उडान योजनेखाली २०१७ च्या डिसेंबरात प्रथम आला. पुढे ती सेवा खंडित झाली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा थांबली, आणि २०२४ पासून गोवा, हैदराबाद, पुणे, मुंबई अशा गावांशी जळगावचा संबंध छोट्या विमानांनी पुनश्च जोडला गेला. धुळ्याजवळ गोंदूरला धावपट्टी आहे खरी, पण तेथून तिकीट काढून जाण्याची सोय नसल्यामुळे धुळेकरांस जळगाव, ओझर, छत्रपती संभाजीनगर किंवा थेट मुंबई यांपैकी एखादा मार्ग पत्करावा लागतो. अशा रीतीने ज्यांचे सारे आयुष्य भुसावळच्या फलाटावर नाही तर शिरपूर-धुळे-नाशिक एस. टी. त गेले, अशी सत्तरी ओलांडलेली पुष्कळ मंडळी आता बंगलोरच्या मुलाकडे अथवा हैदराबादच्या मुलीकडे विमानाने जाऊ लागली आहेत. आणि मुलाने मोबाइलवर धाडलेले तिकीट हाती पडले म्हणजे त्यावरील मजकुराचा उलगडा कोणाकडून करून घ्यावा, या विवंचनेत पडू लागली आहेत.

ही विवंचना वाटण्याचे मुख्य कारण असे, की वडीलधाऱ्या मंडळींच्या मनात तिकिटाची जी कल्पना रुजलेली असते ती रेल्वेची असते. रेल्वेचा मालक एक, दर एक, आणि तिकीट रद्द केल्यास किती पैसे कापले जातील याचे कोष्टकही साऱ्या देशाला एकच. विमानाच्या बाबतीतही एके काळी काहीसे असेच होते. परंतु १९५३ चा विमान महामंडळांचा कायदा १९९४ साली रद्द होऊन खाजगी कंपन्यांना हे क्षेत्र मोकळे झाले, आणि तेव्हापासून कोणत्या तिकिटाचे किती पैसे घ्यावे, ते रद्द झाल्यास किती कापावे, तारीख बदलल्यास काय आकारावे, हे ठरविण्याचा अखत्यार प्रायः त्या त्या कंपनीकडे गेला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, ज्याला सर्वजण डीजीसीए म्हणतात, ते प्रवाशाच्या हक्कांची किमान मर्यादा तेवढी घालून देते. म्हणून विमानाच्या तिकिटासंबंधी ‘सामान्यतः किती कापतात?’ हा प्रश्नच मुळात निरुपयोगी आहे. विचारायचे ते ‘या तिकिटावर किती कापतील?’ असे, आणि त्याचे उत्तर मिळवायचे तर तिकिटावरील एका ठोक रकमेच्या पोटात कोणकोणती खाती दडलेली आहेत, हे आधी पाहिले पाहिजे.

अमळनेरचे एक सेवानिवृत्त तलाठी, ज्यांना आम्ही सारे आप्पा म्हणतो, ते गेल्या वर्षी मुंबई-बंगलोर प्रवासाच्या तिकिटाची छापील प्रत घेऊन माझ्याकडे आले होते. रक्कम ६,१५० रुपये. हिशेबाच्या सोयीसाठी मी येथे आकडे थोडे गोल केले आहेत. “भाऊ, मुलगा म्हणतो तिकीट रद्द केलं तर फारसं काही मिळणार नाही, मग एवढे पैसे गेले कुठे?” हा त्यांचा प्रश्न. मी त्यांना म्हटले, “आप्पा, आपण हयातभर सातबारा लिहिलात. उताऱ्यावर जमीन कोणाची ते एका ठिकाणी असते, आणि तिच्यावर बोजा कोणाचा ते ‘इतर हक्क’ या रकान्यात असते. हा कागदही तसाच वाचा.” आणि मग आम्ही दोघांनी मिळून त्या ६,१५० रुपयांची फोड मांडली.

पहिले खाते कंपनीचे. त्यात मूळ भाडे ४,६०० रुपये आणि इंधन अधिभार ४०० रुपये, मिळून ५,००० रुपये; हे कंपनीचे उत्पन्न. दुसरे खाते सरकारचे व विमानतळाचे. त्यात या ५,००० रुपयांवर साध्या वर्गासाठी शेकडा ५ प्रमाणे जीएसटीचे २५० रुपये, विमानतळावरील सुरक्षेसाठी देशांतर्गत प्रवाशाकडून घेतले जाणारे २०० रुपये, आणि विमानतळाच्या विकासाचे वगैरे शुल्क मिळून समजा ३५० रुपये. ही रक्कम कंपनी केवळ गोळा करते, तिची मालक होत नाही. तिसरे खाते सर्वांत लहान, पण सर्वांत बेरकी: संकेतस्थळावर पैसे भरण्याबद्दल आकारलेले ३५० रुपयांचे ‘कन्व्हीनियन्स’ शुल्क, जे दर माणशी आणि बहुधा दर फेरीस आकारतात आणि जे तिकीट रद्द झाले तरी सहसा परत येत नाही. तिकीट एखाद्या एजंटाकडून काढले असेल तर त्याची स्वतःची फी याच खात्यात येते, आणि ती किती व परत मिळणार की नाही, हे त्याने पैसे घेतानाच सांगावयास हवे.

आता तिकीट रद्द करण्याच्या नियमाकडे वळू. आप्पांच्या तिकिटाच्या शर्तींत रद्दीकरण शुल्क ४,००० रुपये लिहिले होते. हे शुल्क पहिल्या खात्यातून, म्हणजे त्या ५,००० रुपयांतून, वजा होते. आणि जी रक्कम कंपनी स्वतःजवळ ठेवते तिच्यावरचा जीएसटीही, म्हणजे ४,००० वरचे २०० रुपये, ती सामान्यतः ठेवून घेते. तेव्हा ६,१५० मधून कन्व्हीनियन्सचे ३५० आणि रद्दीकरणाचे ४,२०० वजा जाऊन आप्पांच्या हाती १,६०० रुपये येणार, असा तो हिशेब निघाला. मुलाचे म्हणणे अगदी खोटे नव्हते, पण ‘फारसे काही मिळणार नाही’ आणि ‘सोळाशे रुपये मिळतील’ यांत, पेन्शनीवर जगणाऱ्या माणसाच्या दृष्टीने, पुष्कळ अंतर आहे.

या ठिकाणी डीजीसीएचा एक नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे, तो असा की रद्दीकरण शुल्क कोणत्याही परिस्थितीत मूळ भाडे अधिक इंधन अधिभार यांहून जास्त असता कामा नये. समजा एखादे तिकीट फार स्वस्तात मिळाले, मूळ भाडे आणि अधिभार मिळून १,८०० रुपयेच आहेत, आणि शर्तींत मात्र ४,००० रुपये शुल्क छापले आहे; तर कंपनीला १,८०० रुपयेच कापता येतील, उरलेल्या रकमेसाठी दुसऱ्या खात्यातील विमानतळ-शुल्कांना तिला हात लावता येणार नाही. ‘नॉन-रिफंडेबल’ असा शिक्का असलेल्या तिकिटालाही हाच नियम लागू आहे: परत न मिळणारे असते ते कंपनीचे भाडे, सरकारची व विमानतळाची देणी नव्हेत. याहून आश्चर्याची गोष्ट म्हणजे प्रवासी विमानतळावर गेलाच नाही, ज्याला त्या व्यवहारात ‘नो-शो’ म्हणतात, तरीही ही देणी त्याला परत मागता येतात. आप्पांच्या तिकिटात ती सुरक्षेचे २०० आणि विमानतळाचे ३५० अशी ५५० रुपये होती. मात्र बहुतेक वेळा ती आपण होऊन खात्यात जमा होत नाहीत, संकेतस्थळावर किंवा एजंटामार्फत मागावी लागतात. आणि न मागणारेच अधिक असल्यामुळे हे पैसे पडून राहतात.

रद्दीकरणाचे शुल्क वेळेप्रमाणे चढते, हेही ध्यानात ठेवावे. पुष्कळ कंपन्यांच्या कोष्टकात उड्डाणाला तीन-चार दिवसांहून अधिक अवधी असताना एक दर आणि त्यानंतर दुसरा, चढा दर असतो. आणि अगदी शेवटची मुदत देशांतर्गत प्रवासाला बहुधा उड्डाणापूर्वी दोन तासांची असते, जिच्यानंतर तिकीट रद्दच करता येत नाही आणि ते ‘नो-शो’ म्हणून धरले जाते. प्रकृती बिघडली, जाणे होणार नाही हे आदल्या रात्री निश्चित झाले, तर ‘सकाळी बघू’ असे म्हणून झोपी जाणे हे येथे पैशाचे नुकसान आहे. त्याच रात्री मुलाला फोन करून तिकीट रद्द करण्यास सांगावे. याच्या उलट, काढल्याकाढल्या चूक ध्यानात आली तर सवलतही मोठी आहे. तिकीट थेट कंपनीच्या संकेतस्थळावरून काढलेले असेल आणि देशांतर्गत उड्डाण निदान ७ दिवस पुढे असेल, तर काढल्यापासून पहिल्या ४८ तासांत ते काहीही शुल्क न देता रद्द करता येते किंवा बदलता येते. बदलल्यास नव्या विमानाचे भाडे अधिक असेल तर तेवढा फरक मात्र भरावा लागतो. मुलाने तिकीट धाडले म्हणजे ते ‘नंतर चष्मा लावून वाचू’ म्हणून ठेवून न देता त्याच संध्याकाळी तारीख, गाव, वेळ आणि नाव या चार गोष्टी ताडून पाहाव्यात, याचे कारण हे.

नावाची गोष्ट खानदेशात विशेष नाजूक आहे. आपल्याकडे अर्धा गाव पाटील आणि उरलेल्यांत चौधरी व महाजन. आधार कार्डावर कोणाचे आडनाव आधी तर कोणाचे शेवटी, कोणाचे वडिलांच्या नावासह तर कोणाचे नावाच्या आद्याक्षरांनी. विमानाच्या तिकिटावरील नाव हे दाखवावयाच्या ओळखपत्रावरील नावाशी जुळले पाहिजे, कारण विमानतळाच्या दारावरचा सुरक्षा-जवान ते दोन्ही शेजारी धरून पाहतो. स्पेलिंगची चूक झाली असेल आणि तिकीट कंपनीच्या संकेतस्थळावरून काढलेले असेल, तर २४ तासांच्या आत ती दाखवून दिल्यास त्याच माणसाच्या नावातील दुरुस्तीसाठी कंपनीला शुल्क घेता येत नाही. पण दुरुस्ती निराळी आणि माणूस बदलणे निराळे. आप्पांना जाता येत नाही म्हणून त्यांच्या तिकिटावर त्यांचे धाकटे बंधू जातील, ही तजवीज विमानाच्या तिकिटात होत नाही. ते तिकीट त्या इसमापुरतेच असते.

मग प्रश्न येतो तारीख बदलण्याचा, आणि हा रद्द करण्याहून अधिक फसवा आहे, कारण यात एक नव्हे, दोन रकमा द्याव्या लागतात. पहिली रक्कम बदलाचे शुल्क, जे शर्तींत छापलेले असते. दुसरी रक्कम भाड्यातील फरक, जी कोठेच छापलेली नसते, कारण नव्या तारखेला त्या विमानाचे भाडे बदल करण्याच्या क्षणी जे असेल त्यावरून ती ठरते. आप्पांना पंधरवड्यानंतरच्या तारखेस जावयाचे झाले. बदलाचे शुल्क ३,००० रुपये, आणि सणासुदीमुळे नव्या दिवशीचे तिकीट करांसह १,४०० रुपयांनी महाग; म्हणजे बदलासाठी ४,४०० रुपये. तेच तिकीट रद्द करून नवे काढले असते तर नव्या तिकिटाचे ७,५५० रुपये भरावे लागले असते आणि जुन्याचे १,६०० परत आले असते, म्हणजे पदरचे ५,९५० रुपये गेले असते. या उदाहरणात बदल करणे शहाणपणाचे ठरले. पण जुने तिकीटच मुळात स्वस्त, म्हणजे करांसह अडीच हजारांचे असते, आणि नव्या दिवशीचेही तेवढ्यालाच मिळत असते, तर ३,००० रुपये देऊन तारीख बदलण्यापेक्षा जुने रद्द करून जे काही येईल ते घेणे आणि नवे काढणे हेच हिताचे झाले असते. तेव्हा बदलाचे बटण दाबण्यापूर्वी या दोन बेरजा कागदावर मांडाव्यात. आणखी एक गोष्ट: नव्या दिवशीचे भाडे कमी निघाले तर तो फरक कंपनी परत करीलच असे नाही, पुष्कळ स्वस्त तिकिटांच्या शर्तींत तो बुडीत धरलेला असतो.

येथवर आपण प्रवाशाने केलेल्या फेरफारांचा विचार केला. फेरफार जेव्हा कंपनी करते तेव्हा चित्र पालटते, आणि हा भेद न कळल्यामुळे वृद्ध मंडळींचे हकनाक नुकसान होते. विमान कंपनीनेच रद्द केले तर प्रवाशाला दुसऱ्या विमानात जागा अथवा संपूर्ण पैसे यांपैकी एक मागण्याचा हक्क आहे. विमानाला सहा तासांहून अधिक उशीर होणार असला तरी दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा यांतून निवड करता येते. पूर्वसूचना न देता विमान रद्द केले तर, एक ते दोन तासांच्या उड्डाणासाठी, ७,५०० रुपये किंवा मूळ भाडे अधिक इंधन अधिभार यांपैकी जी रक्कम कमी असेल ती नुकसानभरपाई म्हणूनही मिळते. मात्र वादळ, धुके, दंगल अशा कंपनीच्या आवाक्याबाहेरील कारणांना ही भरपाई लागू नाही. यात धोक्याची जागा एकच. कंपनीचा संदेश मोबाइलवर येतो, की आपले विमान सकाळी ९ ऐवजी सायंकाळी ५ ला निघेल, आणि खाली स्वीकार करण्याचे बटण असते. घाईने ते दाबले, की आपण नवी वेळ मान्य केली असे होऊन पैसे परत मागण्याचा मार्ग अडचणीचा होतो. दुसरा घोटाळा याच्या उलट: संदेश पाहून घाबरून आपण स्वतःच नेहमीच्या पद्धतीने तिकीट रद्द करून बसतो, आणि मग ते प्रवाशाने रद्द केलेले धरले जाऊन शुल्क कापले जाते. असा संदेश आला असता काहीही न दाबता प्रथम मुलाला किंवा एजंटाला वाचून दाखवावा आणि ‘कंपनीने वेळ बदलली म्हणून पूर्ण परतावा हवा’ असे स्पष्ट शब्दांत मागावे. परतावा रोख न देता पुढील प्रवासासाठी जमा म्हणून ठेवण्याची सूचना कंपनीकडून येते. ती पत्करणे न पत्करणे प्रवाशाच्या मर्जीवर आहे, सक्ती नाही.

जळगावहून निघणाऱ्यासाठी मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा निराळाच आहे, आणि तो सामान्य माहितीपत्रकांत आढळत नाही. जळगावहून जाणारी विमाने थोडी आणि त्यांचे पल्ले लहान. त्यामुळे बंगलोर, चेन्नई, कोलकाता किंवा परदेश गाठावयाचा तर मुंबईस अथवा हैदराबादेस विमान बदलणे भाग पडते. आता हे दोन टप्पे एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआर क्रमांकाखाली असतील, तर पहिल्या विमानाच्या उशिराने दुसरे चुकल्यास प्रवाशाला पुढे पोहोचविण्याची जबाबदारी कंपनीवर राहते आणि बॅगही बहुधा थेट शेवटच्या गावाची चिठ्ठी लागून जाते. पण जळगावची सेवा एका कंपनीची आणि पुढचे विमान दुसऱ्या कंपनीचे, अशी दोन स्वतंत्र तिकिटे मुलाने निरनिराळी काढून दिली असतील, तर कायद्याच्या दृष्टीने ते दोन असंबद्ध करार होत. जळगावचे विमान दोन तास उशिरा सुटले तर पहिली कंपनी म्हणेल, आम्ही आपल्याला मुंबईस पोहोचविले. आणि दुसरी म्हणेल, आपण वेळेवर आला नाहीत, सबब नो-शो. दोघीही आपापल्या जागी बरोबर, आणि नुकसान प्रवाशाचे.

शिवाय अशा वेळी मुंबईस बॅग पट्ट्यावरून स्वतः उचलून, बाहेर येऊन, दुसऱ्या कंपनीच्या खिडकीवर पुन्हा जमा करावी लागते, आणि मुंबईच्या दोन टर्मिनलांपैकी एकातून दुसऱ्यात जाण्यासाठी मोटारीचा प्रवास आणखी करावा लागतो. देशांतर्गत विमानाच्या बॅगांची खिडकी साधारणतः उड्डाणापूर्वी एक तास आणि विमानात चढण्याचे दार वीस-पंचवीस मिनिटे आधी बंद होते, हे जमेस धरले तर दोन स्वतंत्र तिकिटांमध्ये तीन तासांचे अंतरही वृद्धाला अपुरे पडू शकते. अशा प्रसंगी आदल्या दिवशी मुंबईस जाऊन राहणे, किंवा जळगावचा टप्पा रेल्वेने करणे, हे जुन्या वळणाचे दिसले तरी अधिक सुरक्षित आहे. मुलाला विचारावयाचे ते एवढेच, की ‘पीएनआर एक आहे की दोन?’ चाकाची खुर्ची लागणार असेल तर तीही तिकीट काढतानाच नोंदवावी, निदान ४८ तास आधी तरी कळवावे. आणि तिकिटे दोन असल्यास दोन्हींवर निरनिराळी नोंदवावी, कारण एका कंपनीकडील नोंद दुसरीला दिसत नाही.

सामानाचा नियमही याच दोन-तिकिटांच्या प्रश्नाशी निगडित आहे. साध्या वर्गाच्या देशांतर्गत तिकिटावर बहुतेक कंपन्या जमा करण्याच्या बॅगेला १५ किलो आणि जवळ बाळगावयाच्या एका पिशवीला ७ किलो देतात. पण परदेशच्या तिकिटांवर पुष्कळदा किलोंऐवजी नगांचा हिशेब असतो, अमेरिकेच्या प्रवासाला सामान्यतः २३ किलोंचे दोन नग. अमेरिकेस जाणारी आजी जळगावहून स्वतंत्र तिकिटावर मुंबईस निघाली, तर पुढच्या प्रवासाचे ४६ किलो तिला लागू असले तरी जळगावच्या काट्यावर १५ किलोच लागू, आणि वरच्या ३१ किलोंचे पैसे तेथे मोजावे लागतात. एकाच तिकिटावर दोन्ही टप्पे असते तर हा प्रसंग सहसा उद्भवला नसता. जादा वजनाचा दर विमानतळाच्या खिडकीवर दर किलोला कित्येक शेकड्यांत जातो, आणि तेच वजन आधी संकेतस्थळावरून विकत घेतले तर स्वस्त पडते. पतिपत्नी एकाच पीएनआरवर असतील तर दोघांचे मिळून ३० किलो बहुतेक कंपन्या एकत्र धरतात. पण दोघांची तिकिटे निरनिराळी काढलेली असतील तर एकाची बॅग १८ आणि दुसऱ्याची ११ किलो भरली असताही तीन किलोंचा दंड पडू शकतो. काही तिकिटे तर जमा बॅग मुळीच नसलेली, फक्त हातपिशवीची असतात, आणि ती स्वस्त दिसण्याचे कारण तेच असते.

खानदेशच्या घरातून निघणाऱ्या बॅगेत कपडे कमी आणि खाऊ जास्त, हे सर्वश्रुत आहे. पापड, कुरडया, बिबडे यांना कोणतीच अडचण नाही, ते कोठेही ठेवावे. लोणचे मात्र जमा करण्याच्या बॅगेतच ठेवावे, बरणी घट्ट बांधून आणि दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून, कारण हातपिशवीत ते सुरक्षा-तपासणीत अडकते, आणि दाबामुळे तेल बाहेर येण्याचा संभव दोन्हीकडे असतो. सुक्या खोबऱ्याची वाटी कोणत्याच बॅगेत चालत नाही. त्यातील तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकते म्हणून ते निषिद्ध पदार्थांत मोडते, तेव्हा काळ्या मसाल्यासाठी खोबरे मुलाच्या गावीच विकत घ्यावे. अडकित्ता, कात्री, विळी हे जमा बॅगेत. आगपेटी कोठेच नाही. मोबाइलची पॉवर बँक मात्र उलट नियमाने केवळ हातपिशवीत, जमा बॅगेत ती सापडली तर बॅग उघडून काढून घेतात. रोजची औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी आणि दागिने नेहमी हातपिशवीतच असावेत, कारण जमा केलेली बॅग उशिरा येऊ शकते. बॅग जमा करताना जी लहान चिठ्ठी मिळते ती मुक्कामी पोहोचून बॅग हाती येईपर्यंत जपावी. बॅग न आल्यास तक्रारीला आधार तोच, आणि ती तक्रार विमानतळ सोडण्यापूर्वीच लिहून द्यावी.

आता शेवटी महाग तिकीट घ्यावे की स्वस्त, हा व्यवहाराचा प्रश्न उरतो. तिकीट काढताना पडद्यावर एकाच विमानाचे दोन-तीन दर शेजारी शेजारी दिसतात, सेव्हर, व्हॅल्यू, फ्लेक्स अशा निरनिराळ्या नावांचे. जागा तीच, विमान तेच, फरक असतो तो रद्दीकरणाच्या व बदलाच्या शर्तींत आणि कधी सामानाच्या वजनात. ज्येष्ठ नागरिकांची सवलत काही कंपन्या वयाच्या ६० वर्षांपासून देतात, पण ती केवळ मूळ भाड्यावर असते आणि कित्येकदा साधे स्वस्त तिकीट तिच्याहूनही कमी पडते; म्हणून एकूण रक्कम ताडून पाहावी, आणि सवलत घेतल्यास जन्मतारखेचे ओळखपत्र जवळ ठेवावे. आप्पांच्या वेळी फ्लेक्स प्रकारचे तिकीट ९०० रुपयांनी महाग होते आणि त्यात एकदा तारीख बदलण्यास शुल्क नव्हते, भाड्याचा फरक तेवढा द्यावयाचा होता. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख डॉक्टरांनी नक्की केली नव्हती, म्हणजे प्रवास पुढे जाण्याचा संभव निम्मा तरी होताच. अशा स्थितीत ९०० रुपये वाचविण्यासाठी ३,००० रुपयांचा धोका पत्करला गेला. तेच नातवाच्या मुंजीला, ठरल्या मुहूर्तावर, काहीही झाले तरी जावयाचेच असते, तर ते ९०० रुपये व्यर्थ गेले असते. तिकिटाचे पैसे मुलगा देतो म्हणून ही निवडही त्याच्यावर सोडण्याचा प्रघात आहे. परंतु आपली तारीख किती पक्की आहे हे मुलाला बंगलोरात बसून कळत नाही, ते अमळनेरात आपल्यालाच ठाऊक असते, तेव्हा त्याने तिकीट काढण्यापूर्वी ते आपण होऊन सांगावे. इतके करूनही कंपनीने हक्काचे पैसे अडवून ठेवले तर प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार, तेथे दाद न लागल्यास नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या ‘एअरसेवा’वर किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, आणि तरीही न भागल्यास जिल्हा ग्राहक आयोग, असा क्रम आहे; आणि यांपैकी प्रत्येक ठिकाणी पहिल्याप्रथम मागितला जातो तो तिकिटाचा, शर्तींसकट छापून ठेवलेला कागद.